शेवटच्या क्रियापदाच्या शेजारी

पुण्यात मी संध्याकाळचा एक जर्मन वर्ग घेते. वर्गात बहुतेक नर्सेस आहेत. दिवसभराची ड्यूटी संपवून येतात, डबा खातात आणि वही उघडतात. जर्मनीतल्या हॉस्पिटलात काम करायचं तर साधारणपणे बी-२ पातळीची भाषा लागते, आणि त्या पातळीवर नुसतं बोलता येऊन भागत नाही. ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या नर्सला सांगावी लागते, रिपोर्ट लिहावा लागतो. म्हणून आम्ही वर्गात असले रिपोर्ट लिहायचा सराव करतो. एका मुलीनं मागे एकदा लिहिलं होतं:

डेअर पात्सिएंट वुर्डे इन्स क्रांकेनहाउस मिट डेम क्रांकेनवागेन गेस्टर्न आबेंट वेगेन श्टार्कर श्मेर्त्सेन गेब्राख्ट.

शब्द सगळे बरोबर होते. विभक्ती बरोबर, क्रियापदाचं रूप बरोबर, स्पेलिंगही बरोबर. तरी हे वाक्य जर्मन माणसानं वाचलं तर तो अडखळेल. त्याला अर्थ कळेल, पण दुसऱ्यांदा वाचावं लागेल. मी तिला म्हटलं, हेच मला मराठीत सांग बघू, लिहू नकोस, नुसतं सांग. ती पटकन म्हणाली, "पेशंटला काल संध्याकाळी असह्य वेदनांमुळे अँब्युलन्सनं हॉस्पिटलमध्ये आणलं." आता हाच क्रम जर्मनमध्ये ठेव, असं सांगितल्यावर तिनं शब्द खोडले आणि नव्यानं लिहिलं:

डेअर पात्सिएंट वुर्डे गेस्टर्न आबेंट वेगेन श्टार्कर श्मेर्त्सेन मिट डेम क्रांकेनवागेन इन्स क्रांकेनहाउस गेब्राख्ट.

काल संध्याकाळी, वेदनांमुळे, अँब्युलन्सनं, हॉस्पिटलमध्ये, आणलं. एक 'वुर्डे' सोडलं तर तुकड्याला तुकडा जुळतो. तिचं पहिलं वाक्य मराठीतून आलं नव्हतं, ते इंग्रजीतून आलं होतं. इंग्रजीत आधी 'आणलं' येतं, मग 'हॉस्पिटलमध्ये', मग 'अँब्युलन्सनं', मग 'काल संध्याकाळी'. जर्मन ही इंग्रजीची बहीण, लिपीही तीच, शब्दही ओळखीचे. म्हणून आमच्या मुली जर्मन शिकताना इंग्रजीचा हात धरतात. इतर बाबतींत तो हात उपयोगी पडतो. वाक्याच्या मधल्या भागात मात्र तो उलट्या दिशेला नेतो, आणि नेमक्या तिथेच मराठीकडे वळून पाहिलं तर वाट सापडते.

हा 'मधला भाग' म्हणजे काय, ते आधी सांगते. जर्मन वाक्यात क्रियापद अनेकदा दोन तुकड्यांत येतं. एक तुकडा वाक्यात दुसऱ्या जागी बसतो आणि दुसरा अगदी शेवटी जातो. वरच्या वाक्यात 'वुर्डे' दुसऱ्या जागी आहे आणि 'गेब्राख्ट' शेवटी. या दोन तुकड्यांच्या जोडीला जर्मन व्याकरणात झात्सक्लामर म्हणतात. 'झात्स' म्हणजे वाक्य आणि 'क्लामर' म्हणजे चिमटा किंवा कंस; दोरीवरच्या कपड्यांना लावायच्या चिमट्यालाही क्लामरच म्हणतात. या दोन चिमट्यांच्या मध्ये जे येतं ते मिटलफेल्ट, म्हणजे मधलं क्षेत्र. पहिल्या चिमट्याच्या आधी जी एकच जागा असते ती फोरफेल्ट आणि शेवटच्या चिमट्यानंतर क्वचित काही आलं तर ते नाखफेल्ट. वाक्याची अशी क्षेत्रांत मांडणी करण्याची पद्धत रूढ झाली ती एरिश द्राख यांच्या 1937 सालच्या पुस्तकापासून. आज ही पद्धत जर्मन शाळांपासून विद्यापीठांपर्यंत सगळीकडे वापरतात.

मधल्या क्षेत्रात कधी, का, कसं आणि कुठे हे सगळं एकामागून एक उभं राहतं, आणि त्यांच्या रांगेसाठी शिकवणाऱ्यांनी एक शब्द बनवला आहे: टेकामोलो. टेंपोराल म्हणजे काळाचं, काउझाल म्हणजे कारणाचं, मोडाल म्हणजे रीतीचं आणि लोकाल म्हणजे स्थळाचं. परदेशी विद्यार्थ्याच्या प्रत्येक पुस्तकात हा शब्द असतो आणि वर्गाच्या भिंतीवर त्याचा तक्ताही असतो. मुलं तो पाठ करतात, परीक्षेत चार तुकडे दिले की क्रमानं लावतात आणि मार्क मिळवतात. पण हा क्रम असाच का, हे क्वचितच कोणी सांगतं. ते कळलं की पाठांतराची गरज उरत नाही, आणि तक्ता कुठे चुकतो तेही दिसायला लागतं.

कारण शोधायला एखाद्या जर्मन घरातल्या फ्रिजवरची कामांची यादी पाहावी. उद्या करायच्या कामांत लिहिलेलं असेल: मोर्गेन मिट डेम त्सूक नाख बेर्लीन फारेन. उद्या रेल्वेनं बर्लिनला जाणे. इथे कर्ता नाही, म्हणून क्रियापदाला कुठे हलावं लागलेलं नाही. ते मूळ रूपात, मूळ जागी, म्हणजे शेवटी बसलं आहे. शब्दकोशातही जर्मन क्रियापदं अशीच सापडतात: 'इन्स कीनो गेएन', सिनेमाला जाणे, 'क्लावीर श्पीलेन', पियानो वाजवणे. जर्मनांच्या मनात क्रियापदाचं घर शेवटी आहे. आपण बोलतो त्या साध्या वाक्यात ते तिथून उठून दुसऱ्या जागी येतं, एवढंच. एमन बाख या अमेरिकी आणि मानफ्रेड बीरविश या जर्मन भाषातज्ज्ञानं 1960च्या दशकाच्या सुरुवातीला हा विचार रीतसर मांडला, आणि त्याचा पुरावा रोजच्या बोलण्यात मिळतो. 'फोन करणे' याला जर्मनमध्ये 'आनरुफेन' म्हणतात. 'मी तुला उद्या फोन करते' म्हणताना 'रुफे' उठून दुसऱ्या जागी येतं, पण त्याचा 'आन' हा तुकडा घरीच राहतो: इश रुफे डिश मोर्गेन आन. क्रियापद कुठून उठलं त्याची खूण तिथे शिल्लक राहते.

एकदा हे कळलं की टेकामोलोचं कोडं उरत नाही. बर्लिनला जाण्यात 'बर्लिनला' हा शब्द 'जाणे'ला सगळ्यात घट्ट चिकटलेला आहे. त्याच्याशिवाय जाणं अपुरं राहतं. रेल्वेनं की बसनं, हे त्याच्यापेक्षा थोडं सैल. 'उद्या' तर आणखी सैल. उद्या जायचं की परवा, त्यानं जाण्याची क्रिया बदलत नाही, सगळी घटना फक्त दुसऱ्या दिवशी सरकते. जो क्रियापदाच्या अर्थात जास्त गुंतलेला तो क्रियापदाच्या जास्त जवळ. ओट्टो बेहागेल या व्याकरणकारानं 1932 साली हा नियम मांडला: जे मनात एकमेकांशी घट्ट बांधलेलं असतं ते वाक्यातही जवळ ठेवलं जातं. जर्मनमध्ये क्रियापदाचं घर शेवटी, म्हणून त्याच्या अगोदरची जागा सगळ्यात मानाची. 'कुठे जाणार' तिथे बसतं, त्याच्या अलीकडे 'कसं', आणि सगळ्यात लांब 'कधी'. इंग्रजीत क्रियापद आधी येतं, म्हणून तीच माणसं त्याच नात्यानं त्याच्या उजवीकडे बसतात आणि रांग उलटी दिसते. दोन्हीकडे नाती तीच आहेत, क्रियापदानं फक्त बाजू बदलली आहे. मराठीत क्रियापद शेवटी, म्हणून रांग जर्मनसारखी. आपल्या मुलींना हा क्रम बाहेरून आणावा लागत नाही.

म्हणून वर्गात आता मी टेकामोलोचा तक्ता उशिरा दाखवते. आधी यादीचा सराव. समजा, म्हणायचं आहे: मी आज पावसामुळे बसनं ऑफिसला जाते. पहिल्यांदा मराठी वाक्याची यादी करायची: आज पावसामुळे बसनं ऑफिसला जाणे. मग एकेक तुकडा त्याच जागी जर्मनमध्ये ठेवायचा: हॉइटे वेगेन डेस रेगेन्स मिट डेम बुस इन्स ब्युरो फारेन. अजून वाक्य झालेलं नाही, ही नुसती यादी आहे. आता 'मी' म्हणजे 'इश' पुढे ठेवायचं, शेवटचं 'फारेन' उचलून 'फारे' करून त्याच्या मागे आणून ठेवायचं, आणि बाकी कशालाही हात लावायचा नाही: इश फारे हॉइटे वेगेन डेस रेगेन्स मिट डेम बुस इन्स ब्युरो. भूतकाळात सांगायचं तर शेवटी 'गेफारेन' राहतं आणि दुसऱ्या जागी 'बिन' येतं. 'कारण मी...' असं पोटवाक्य करायचं तर आणखी सोपं, कारण तिथे क्रियापद घरातून उठतच नाही: वाइल इश हॉइटे वेगेन डेस रेगेन्स मिट डेम बुस इन्स ब्युरो फारे. तीन वाक्यं झाली, मधली रांग एकदाही हलली नाही. इंग्रजीतून विचार करणाऱ्या मुलीला हीच तीन वाक्यं तीन वेगळ्या डोकेदुखी वाटतात, कारण ती दर वेळी रांग नव्यानं लावत असते.

एकाच प्रकारचे दोन तुकडे आले तरी आपला कान उपयोगी पडतो. दोन काळ असतील तर मोठा आधी आणि नेमका नंतर: उद्या सकाळी आठ वाजता, मोर्गेन फ्रू उम आख्ट ऊअर. असं का, असं मला कोणी विचारलेलं नाही, कारण मराठीत वेगळं काही सुचतच नाही. कारण आणि काळ यांची जागा मात्र तक्त्यात दाखवतात तेवढी पक्की नाही. 'हॉइटे वेगेन डेस रेगेन्स' आणि 'वेगेन डेस रेगेन्स हॉइटे' दोन्ही म्हणता येतात. मात्र दुसऱ्या प्रकारात 'हॉइटे' पावसाला चिकटून 'आजच्या पावसामुळे' असाही अर्थ निघू शकतो, म्हणून काळ आधी ठेवलेला बरा.

आता तक्ता कुठे चुकतो ते. माझ्या मते हीच या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, आणि नेमकी तीच बहुतेक पुस्तकं सोडून देतात. टेकामोलो म्हणतं, रीत आधी आणि स्थळ शेवटी. मग ही दोन वाक्यं पाहा. एअर इस्ट लाइझे इन्स त्सिमर गेगांगेन: तो हळूच खोलीत गेला. इथे 'लाइझे', म्हणजे हळूच, आधी आणि खोली नंतर, तक्त्याप्रमाणे. दुसरं: एअर हाट इम त्सिमर लाइझे गेवाइंट: तो खोलीत हळू आवाजात रडला. इथे खोली आधी आली आणि 'लाइझे' नंतर. तक्त्याप्रमाणे 'लाइझे इम त्सिमर गेवाइंट' व्हायला हवं होतं. तसं म्हटलं तर चूक धरणार नाहीत, पण सहज येणारा क्रम खोली आधी असलेलाच आहे. आणि मराठी वाक्यं पुन्हा म्हणून बघा. 'तो हळूच खोलीत गेला' आणि 'तो खोलीत हळू आवाजात रडला'. आपणही अगदी हेच करतो, फक्त कधी लक्षात आलेलं नसतं.

म्हणजे टेकामोलोमधला 'लो' हा एक नाही, दोन आहेत. एक स्थळ असं, ज्याच्याकडे क्रियापद ओढ घेतं: जाणे, आणणे, ठेवणे यांना ते लागतंच. 'तो हळूच गेला' एवढंच म्हटलं तर ऐकणारा विचारणार, कुठे? असं स्थळ क्रियापदाच्या शेजारी बसतं. दुसरं स्थळ असं, जे नुसतं पार्श्वभूमीला असतं: रडणं खोलीत झालं काय आणि अंगणात झालं काय, रडणं पुरं झालं. असं मोकळं स्थळ काळाच्या बाजूला सरकतं, आणि रीत, जी रडण्यातच मिसळलेली आहे, क्रियापदाच्या जवळ राहते. वेर्नर फ्राय आणि कारीन पिट्टनर या भाषातज्ज्ञांनी 1998 साली मधल्या क्षेत्रातल्या क्रियाविशेषणांचे जे वर्ग पाडले त्यांत घटनेचं स्थळ आणि क्रियेची रीत असे वेगळे धरले आहेत, आणि रीत क्रियापदाच्या निकट. बर्लिनला जाणं हे त्यांच्या हिशेबात साधं क्रियाविशेषण नव्हे, क्रियापदाचाच अपुरा भाग पुरा करणारा तुकडा आहे. रेल्वे, बस यांसारखी साधनंही खरं तर 'हळूच' किंवा 'जोरात' या शुद्ध रीतींपेक्षा निराळी आहेत. टेकामोलो दोघांना 'मो'च्या एकाच पिशवीत घालतं. प्रवासाच्या वाक्यात साधन वाहनाचं असतं आणि स्थळ मुक्कामाचं, म्हणून तिथे तक्ता बिनचूक चालतो. पुस्तकातली बहुतेक उदाहरणं प्रवासाची का असतात, तेही यावरून कळतं.

दोन्ही स्थळं ओळखायची कशी? जर्मनमध्ये एक मदत रूपातूनच मिळते. 'इन्स त्सिमर' म्हणजे खोलीत, आत जाण्याच्या दिशेनं. 'इम त्सिमर' म्हणजे खोलीत, तिथे असताना. मराठीत दोन्हीकडे 'खोलीत' एवढंच आहे, 'त' हा एकच प्रत्यय दोन्ही कामं करतो. म्हणून आपण जर्मनमध्ये 'इन्स' आणि 'इम' यांत गोंधळतो. पण नुसतं 'इम' दिसलं म्हणून मोकळं स्थळ, असंही समजू नये. 'वोनेन', म्हणजे राहणे, याला स्थळ लागतंच. झी वोन्ट झाइट द्राय यारेन मिट इरर श्वेस्टर इन पुणे: ती तीन वर्षांपासून बहिणीबरोबर पुण्यात राहते. पुणे शेवटी, क्रियापदाच्या घराशेजारी. दिशा नाही, तरी 'राहते' एवढ्यावर वाक्य पुरं होत नाही म्हणून.

याहून पक्की कसोटी 'निश्त' या नकाराच्या शब्दाची. 'निश्त' मधल्या क्षेत्रात एका ठरावीक कुंपणावर उभं राहतं: क्रियापदाच्या जवळचे लोक त्याच्या उजवीकडे, सैल लोक डावीकडे. मी उद्या नाशिकला जाणार नाही: इश फारे मोर्गेन निश्त नाख नाशिक. काळ निश्तच्या डावीकडे, मुक्काम उजवीकडे. 'नाख नाशिक निश्त' म्हटलं तर जर्मन कानाला खुपतं. आता मोकळं स्थळ घ्या. मी काल नाशिकमध्ये झोपले नाही: इश हाबे गेस्टर्न इन नाशिक निश्त गेश्लाफेन. इथे नाशिक निश्तच्या डावीकडे गेलं, अर्थ असा की नाशिकमध्ये होते, पण रात्रभर जागी. त्याऐवजी 'निश्त इन नाशिक गेश्लाफेन' म्हटलं तर झोपले, पण नाशिकमध्ये नाही, दुसरीकडे कुठे तरी. एक शब्द जागेवरून सरकला आणि रात्रीचा मुक्कामच बदलला. रीत मात्र नेहमी निश्तच्या उजवीकडे: 'निश्त गूट गेश्लाफेन', नीट झोपले नाही. आणि कारण डावीकडे: पावसामुळे आले नाही, 'वेगेन डेस रेगेन्स निश्त गेकोमेन'. ते उजवीकडे गेलं तर 'पावसामुळे नव्हे, दुसऱ्याच कारणासाठी आले' असा भलताच अर्थ लागतो. म्हणून एखाद्या क्रियापदाचं स्थळ कोणत्या प्रकारचं, ही शंका आली की मी मुलींना तेच वाक्य नकारात करायला सांगते. निश्त कुठे बसतं ते पाहिलं की उत्तर मिळतं.

आतापर्यंत मराठी सोबत चालली. पण एका ठिकाणी तीही फसवते. कोणी विचारलं, "तू मुंबईला कशी जाणार?" तर मराठी माणूस म्हणतो, "मी मुंबईला रेल्वेनं जाणार." मुंबई आधी गेली, रेल्वे क्रियापदाच्या शेजारी आली. मराठीत क्रियापदाच्या अगदी आधीची जागा जोर देण्यासाठीही असते. जे सांगायचं आहे ते आपण उचलून तिथे आणून ठेवतो. जर्मन तसं करत नाही. तिथे प्रश्न कोणताही असो, रांग बहुधा तशीच राहते आणि फक्त आवाजाचा जोर सरकतो: इश फारे मिट डेम त्सूक नाख मुंबई, 'त्सूक'वर जोर देऊन. आमच्या मुली मराठीतून सरळ उचलून 'इश बिन नाख मुंबई मिट डेम त्सूक गेफारेन' म्हणतात आणि ते वाक्य ओढलेलं वाटतं. त्यामुळे यादी करताना एक पथ्य पाळावं लागतं: मराठी वाक्य असं निवडायचं ज्यात कशावरच विशेष जोर नाही, जणू 'काय झालं?' एवढंच कोणी विचारलं आहे. जोराचं काम नंतर आवाज करील. लिहिताना आवाज नसतो, म्हणून तिथे जर्मन लोक जोराचा तुकडा उचलून वाक्याच्या सुरुवातीला, फोरफेल्टमध्ये नेतात: मिट डेम त्सूक फारे इश नाख मुंबई. क्रियापद दुसऱ्या जागीच राहिलं, कर्ता त्याच्या मागे गेला. मराठीत 'रेल्वेनं मी मुंबईला जाते' म्हणताना कर्ता क्रियापदाच्या पुढेच राहतो, म्हणून 'मिट डेम त्सूक इश फारे' ही चूक हमखास होते. वर्गात सगळ्यात उशिरा जाते ती हीच.

फोरफेल्टचा उपयोग आणखी एका कारणासाठी करावा लागतो. चारही तुकडे मधल्या क्षेत्रात कोंबलेलं वाक्य व्याकरणात बरोबर असतं, पण वाचायला जड जातं, कारण 'गेब्राख्ट' येईपर्यंत वाचणाऱ्याला सगळं मनात धरून ठेवावं लागतं. जर्मन माणूस यातला एक तुकडा, बहुधा काळ, पुढे नेतो: गेस्टर्न आबेंट वुर्डे डेअर पात्सिएंट... कारण लांब असेल तर त्याचं 'वाइल...' असं पोटवाक्य करून शेवटच्या चिमट्याच्याही पलीकडे, नाखफेल्टमध्ये, टाकतो. मग मधल्या क्षेत्रात दोनच पाहुणे उरतात आणि वाक्य मोकळं होतं.

कर्म कुठे बसणार, हा प्रश्न टेकामोलोमध्ये मुळातच नाही, पण तो रोज पडतो. मी ते पुस्तक काल वाचलं: इश हाबे दास बूख गेस्टर्न गेलेझेन. मी काल एक पुस्तक वाचलं: इश हाबे गेस्टर्न आइन बूख गेलेझेन. माहीत असलेलं पुस्तक काळाच्या आधी, नवं पुस्तक काळानंतर. मराठीतही 'ते पुस्तक काल' आणि 'काल एक पुस्तक' असंच येतं. 'तो, तिला, ते' ही सर्वनामं तर नेहमीच ओळखीच्या माणसांची असतात, म्हणून ती पहिल्या चिमट्याला अगदी चिकटून उभी राहतात: इश हाबे ईन गेस्टर्न इम ब्युरो गेट्रोफेन, मी त्याला काल ऑफिसात भेटले. वाक्य ओळखीकडून नव्याकडे जातं, आणि शेवटी क्रियापद आपल्या शेजाऱ्यांना घेऊन बसतं. या दोन प्रवाहांतून मधल्या क्षेत्राची रांग बनते; टेकामोलो हे त्याचं चार अक्षरांचं चित्र आहे, सोयीचं पण अर्धवट.

त्या रिपोर्टवाल्या मुलीनं मध्यंतरी आणखी एक वाक्य लिहून आणलं. एका म्हाताऱ्या पेशंटची रात्र सांगायची होती. मराठीत तिनं आधी वहीत लिहिलं होतं: बाई रात्री पॅसेजमध्ये हळू आवाजात रडल्या आणि मग सावकाश खोलीत परतल्या. त्याखाली जर्मन: डी पात्सिएंटिन हाट हॉइटे नाख्ट इम फ्लूर लाइझे गेवाइंट उंट इस्ट डान लांगझाम इन्स त्सिमर त्सुरुकगेगांगेन. पहिल्या भागात स्थळ आधी आणि रीत नंतर, दुसऱ्या भागात रीत आधी आणि स्थळ नंतर. तिच्या शेजारच्या मुलीनं भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवून विचारलं, "मॅडम, पहिल्यात लो आधी कसा आला?" मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "अगं, पॅसेजमध्ये रडल्या, पॅसेजकडे नाही रडल्या."